ग्रामपंचायतीची मासिक सभा वर्गात कशी भरवावी : नववीसाठी भूमिकाभिनयाचा सविस्तर पाठ

भूमिकाभिनय म्हटला की बहुतेक वर्गांत एकच दृश्य दिसतं. एक मुलगा फेटा बांधून सरपंच होतो, चार जण पाण्यासाठी ओरडतात, सरपंच हात वर करून ‘उद्यापासून पाणी येईल’ असं जाहीर करतो, आणि टाळ्या पडतात. नाटक झालं, पण निर्णय कसा होतो हे कुणालाच कळलं नाही. उलट सरपंचाच्या तोंडचा शब्द म्हणजेच ग्रामपंचायतीचा निर्णय, अशी चुकीची समजूत पक्की झाली.

मीही हा पाठ पहिल्यांदा घेतला तेव्हा संवाद लिहून दिले होते. मुलांनी ते छान पाठ केले. शेवटी विचारलं, ‘पैसे कुठून येणार होते?’ वर्ग गप्प. तो प्रश्न माझ्या संहितेतच नव्हता. तेव्हापासून मी पाठाची आखणी उलटीकडून करते. आधी तासाच्या शेवटी इतिवृत्तात कोणता ठराव लिहिला जाईल ते ठरवते, मग त्या ठरावापर्यंत पोचायला मुलांना काय काय लागेल ते गोळा करते. पुढची सगळी मांडणी त्याच पद्धतीची आहे. उदाहरण महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतीचं घेतलंय. शहरातल्या शाळांसाठी काय बदलावं ते शेवटी दिलंय.

लागणारा वेळ : आधीच्या आठवड्यात वीस-पंचवीस मिनिटं आणि प्रत्यक्ष दिवशी चाळीस मिनिटांच्या दोन सलग तासिका. एका तासिकेत बसवायचा प्रयत्न करू नका. मतदान आणि ठरावलेखन नेमकं तेव्हाच कापलं जातं.

१. कोणती सभा भरवायची ते आधी ठरवा

सर्वांत जास्त घोळ इथे होतो. ग्रामसभा आणि ग्रामपंचायतीची मासिक सभा या दोन वेगळ्या सभा आहेत. ग्रामसभेत गावातले सगळे मतदार सभासद असतात, कुणीही उठून बोलू शकतं. मासिक सभेत निवडून आलेले सदस्य आणि सरपंच बसतात, ठराव तेच मांडतात, मतंही तेच देतात. वर्गात या दोन्ही सभा एकत्र केल्या की गावकरी मतदान करतात, सदस्य नुसते बघत राहतात, आणि प्रतिनिधी म्हणजे काय हेच हरवून जातं.

या पाठासाठी मासिक सभा घ्या. कारण साधं आहे. माझ्या प्रभागाची गरज एक आणि गावाच्या हातातला पैसा मर्यादित, हा पेच मासिक सभेत दहा माणसांना समोरासमोर बसून सोडवावा लागतो. ग्रामसभेचा पाठ नंतर वेगळा घ्या.

> तपासा : पाठाच्या आदल्या दिवशी कुठल्याही मुलाला विचारा, ‘गावकऱ्याला या सभेत मत आहे का?’ उत्तर ‘नाही, पण ग्रामसभेत आहे’ असं आलं तर पुढे जा.

२. प्रकरण तयार करा : पैसे कमी, मागण्या जास्त

प्रकरण काल्पनिक गावाचं ठेवा. स्वतःच्या गावाचं घेतलं की मुलं घरी ऐकलेली भांडणं वर्गात आणतात आणि कुणाच्या तरी वडिलांचं नाव निघतं.

मी वापरते ते प्रकरण असं. गावात तीन प्रभाग आहेत आणि प्रत्येक प्रभागातून तीन सदस्य निवडून आलेत. सरपंच थेट जनतेतून निवडलेल्या, म्हणजे एकूण दहा जण. तीन मागण्या सभेपुढे आहेत.

प्रभाग १ : टाकीपासून येणाऱ्या जलवाहिनीला गळती आहे, पाणी दिवसाआड येतं. दुरुस्तीचा अंदाज १,६०,००० रुपये. काम तुकड्यातुकड्याने करता येत नाही.

प्रभाग २ : वस्तीकडच्या रस्त्यावर पथदिवे नाहीत. बारा दिव्यांची मागणी आहे. एका दिव्याला ७,५०० रुपये, म्हणजे ९०,००० रुपये.

प्रभाग ३ : ओढ्यापासून शाळेपर्यंतचा रस्ता पावसात चिखलाने बंद होतो. मुरमीकरणाचा अंदाज १,३०,००० रुपये. अर्धा रस्ता करून उपयोग नाही, पहिल्याच पावसात तो वाहून जाईल.

या रकमा वर्गापुरत्या ठरवलेल्या आहेत, हे मुलांना स्पष्ट सांगा.

आता हिशोबाची चिठ्ठी. त्यात दोन ओळी असतात : ग्रामनिधीत शिल्लक १,४०,००० रुपये, वित्त आयोगाच्या बंधित निधीत शिल्लक १,००,००० रुपये. ग्रामनिधी म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी वगैरेंतून जमणारा ग्रामपंचायतीचा स्वतःचा पैसा. बंधित निधी म्हणजे ज्याचा उपयोग आधीच बांधून दिलेला आहे असा पैसा. पाणी आणि स्वच्छतेच्या कामांखेरीज तो वापरता येत नाही.

या दोन ओळींतच पाठाचा सगळा जीव आहे. मुलं पहिल्या मिनिटाला बेरीज करतात, दोन लाख चाळीस हजार. मग दिवे आणि रस्ता मिळून दोन लाख वीस हजार होतात, म्हणजे दोन्ही बसतात, वर वीस हजार उरतात! कागदावर अगदी बरोबर दिसतं. पण बंधित निधीतून मुरूमही टाकता येत नाही आणि दिवेही लावता येत नाहीत. दिवे आणि रस्ता दोन्ही एकट्या ग्रामनिधीतून करायचे तर त्यात फक्त एक लाख चाळीस हजार आहेत. त्यामुळे हा सोपा वाटणारा मार्ग बंद होतो.

खरे मार्ग उरतात ते असे. जलवाहिनीसाठी बंधित निधीतले पूर्ण एक लाख आणि ग्रामनिधीतले साठ हजार वापरायचे. मग ग्रामनिधीत ८०,००० उरतात, त्यात बारा नाही पण दहा दिवे बसतात (७५,०००). रस्ता थांबतो. किंवा आधी रस्ता करायचा, मग ग्रामनिधीत दहा हजार उरतात, एकच दिवा लागतो, आणि बंधित निधी पडून राहतो कारण जलवाहिनीला वरचे साठ हजार द्यायला ग्रामनिधीत पैसे उरत नाहीत. तिसरा मार्ग म्हणजे बाराही दिवे लावायचे आणि बाकी दोन्ही कामं पुढे ढकलायची. प्रत्येक मार्गात कुणाला तरी ‘थांबा’ म्हणावं लागतं. आपल्याला तेच हवंय.

मुलांना आणखी दोन गोष्टी गृहीत धरायला सांगा. तिन्ही कामं ग्रामसभेने मान्य केलेल्या विकास आराखड्यात आहेत. आणि मागासवर्गीय, महिला-बालकल्याण, दिव्यांग यांच्यासाठी राखून ठेवायची रक्कम आधीच बाजूला काढलेली आहे. हे तपशील खऱ्या कारभारात महत्त्वाचे आहेत, पण याच तासात घातले तर मुलं आकड्यांत बुडतात.

> इशारा : सगळ्या मागण्या पूर्ण होतील एवढे पैसे ठेवू नका. आणि एका मागणीचं पारडं उघडच जड होईल असंही लिहू नका. ‘विहिरीत जंतू सापडले’ असं घातलं की चर्चा संपते.

३. भूमिका आणि भूमिकापत्रं

चाळीस मुलांचा वर्ग धरून वाटणी :

- सरपंच १, सदस्य ९ (त्यांतला एक उपसरपंच)
- ग्रामसेवक १, लिपिक १
- तीन प्रभागांतले रहिवासी, प्रत्येकी ६, म्हणजे १८
- निरीक्षक १०

ग्रामसेवकाचं पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय. दोन्ही शब्द फळ्यावर लिहा, कारण घरी मुलांना जुनाच ऐकू येतो.

भूमिकापत्रावर संवाद लिहू नका. तीनच गोष्टी लिहा : तुम्ही कोण, तुम्हाला काय माहीत आहे, तुमच्यावर कोणती जबाबदारी आहे. उदाहरणार्थ प्रभाग २च्या एका सदस्याचं पत्र : ‘तुमच्या वस्तीतल्या बायका पहाटे अंधारात पाण्याला जातात. तुम्ही निवडणुकीत दिव्यांचा शब्द दिला होता. जलवाहिनीच्या गळतीचा त्रास तुमच्या प्रभागालाही आहे, पण थोडा.’ एवढं पुरे. या पत्रात प्रभाग १शी जुळवून घ्यायची वाट आहे. ती शोधायची की नाही, हे मुलीवर सोडा.

प्रभाग ३च्या एका सदस्याच्या पत्रात मी मुद्दाम एक ओळ घालते : ‘तुमचा मुरूम वाहतुकीचा व्यवसाय आहे.’ बाकी काही लिहीत नाही. ज्या विषयात स्वतःचा पैशाचा संबंध आहे त्या विषयावरच्या चर्चेत आणि मतदानात सदस्याने भाग घ्यायचा नसतो. हे सरपंचाच्या नियमपत्रात असतं. ते वेळेवर कुणाच्या लक्षात येतं का, हे बघायचं. तो मुलगा स्वतःहून सांगतो, की कुणी आक्षेप घेतो, की सगळेच विसरतात? तिन्ही शक्यतांवर नंतर बोलता येतं. मात्र ही भूमिका समंजस मुलाला द्या आणि आधीच एकट्याला सांगून ठेवा की हा डाव त्याच्याविरुद्ध नाही.

ग्रामसेवकाची भूमिका सर्वांत अवघड आहे, ती हिशोबात पक्क्या मुलाला किंवा मुलीला द्या. त्याचं काम तीन ओळींत : सभेपुढे माहिती ठेवणे, नियमाबाहेरची गोष्ट होत असेल तर सांगणे, इतिवृत्त लिहिणे. त्याला मत नाही. ‘मला वाटतं रस्ता करावा’ असं तो म्हणू शकत नाही. ‘या निधीतून रस्ता करता येणार नाही’ असं मात्र त्याने म्हटलंच पाहिजे. हा फरक मुलांना एकदा कळला की निवडून आलेले आणि नेमलेले यांच्यातलं नातं वेगळं शिकवावं लागत नाही.

सरपंच मुलगी असेल तर एक गोष्ट हमखास घडते. शेजारी बसलेला मुलगा तिच्या वतीने बोलू लागतो, किंवा कुणीतरी गमतीने ‘सरपंचांचे पती’ होऊन येतं. लगेच थांबवा. सभेत त्या माणसाला कसलंही स्थान नाही, हे शांतपणे सांगा आणि सरपंचालाच पुढचं वाक्य बोलू द्या.

> तपासा : पत्रं वाटल्यावर प्रत्येक सदस्याला विचारा, ‘तुझा प्रभाग कोणता आणि त्याची मागणी किती रुपयांची?’ हे दोन्ही न अडखळता सांगता आलं पाहिजे.

४. नोटीस खरोखर काढा

ही पायरी बहुतेक शिक्षक गाळतात. नोटीस म्हणजे औपचारिकता वाटते. पण सदस्यांना तयारीला वेळ मिळावा आणि कुणाला अंधारात ठेवून निर्णय होऊ नये, एवढ्यासाठीच ती असते. मासिक सभेला तीन पूर्ण दिवस आधी नोटीस लागते. ‘पूर्ण’ या शब्दाचा अर्थ मुलांना मोजून दाखवा. सभा शुक्रवारी असेल तर मंगळवार, बुधवार, गुरुवार हे मधले तीन दिवस. नोटीस निघायची सोमवारी. काढल्याचा दिवस धरायचा नाही, सभेचा दिवसही धरायचा नाही.

सोमवारी वर्गाच्या फलकावर लिपिकाने नोटीस लावावी आणि सदस्यांच्या सह्या घ्याव्यात. विषयपत्रिका अशी :

१. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.
२. जमाखर्च वाचून मंजुरी देणे.
३. उपलब्ध निधीतून घ्यावयाची विकासकामे ठरविणे.
४. मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय.

पहिल्या विषयासाठी तुम्ही स्वतःच चार ओळींचं मागचं इतिवृत्त लिहून द्या. चौथा विषय मुद्दाम ठेवायचा. कुणीतरी खर्चाचा नवा विषय तिथून आत आणायचा प्रयत्न करतो, आणि ‘हा विषय नोटिशीत नव्हता, आम्ही तयारी करून आलो नाही’ असं दुसऱ्या कुणी म्हणायला हवं. कुणीच म्हटलं नाही तर तुम्ही बोलू नका. लिहून ठेवा, शेवटच्या चर्चेत कामी येईल.

५. पहिली तासिका : प्रभागभेट (१५ मिनिटं)

रहिवासी तीन कोपऱ्यांत बसतात. प्रत्येक प्रभागाचे तीन सदस्य आपापल्या कोपऱ्यात जातात. रहिवाशांनी एक लेखी अर्ज द्यायचा, पाच-सहा ओळींचा. सदस्यांनी निदान दोन प्रश्न विचारायचे.

इथे मुलं शब्द देऊन टाकतात, ‘आम्ही करूनच आणतो!’ देऊ द्या. पुढे तो मोडताना काय वाटतं ते त्यांना कळेल. पण एक प्रश्न मात्र सदस्यांनी विचारायलाच हवा, आणि नाही विचारला तर तुम्ही कोपऱ्यात जाऊन सुचवा : ‘सगळं मिळालं नाही तर आधी काय हवं?’ प्रभाग २च्या रहिवाशांनी बारापैकी कोणते दिवे आधी हवेत हे सांगितलेलं असलं, तर सभेत दहा दिव्यांवर तडजोड करता येते. सांगितलेलं नसलं तर सदस्य अडून बसतात.

याच वेळी सरपंच, ग्रामसेवक आणि लिपिक हिशोबाची चिठ्ठी समजून घेतात. दोन मिनिटं त्यांच्याजवळ बसा. दोन निधींतला फरक ग्रामसेवकाला स्वतःच्या शब्दांत सांगता येतो का ते पाहा. त्यालाच कळला नसेल तर पुढची सभा भरकटते, आणि दोष त्याच्या माथी जातो.

६. सभा (३५ ते ४० मिनिटं)

बाकं वर्तुळात किंवा चौकोनात लावा. दहा जण आत, ग्रामसेवक सरपंचाच्या शेजारी, रहिवासी आणि निरीक्षक बाहेरच्या कड्यात. सरपंच फळ्याजवळ आणि सदस्य समोर रांगेत अशी मांडणी केलीत तर सगळे सदस्य सरपंचाशीच बोलतात, एकमेकांशी नाही. तेवढ्यानेही चर्चा बिघडते.

*पहिलं काम गणपूर्ती.* लिपिक हजेरी घेतो. एकूण सदस्यांच्या निम्मे हजर हवेत, इथे पाच. ती नसेल तर अर्धा तास थांबून सभा तहकूब होते. एका वर्गात मी हे करून दाखवलं होतं. सहा सदस्यांना बाहेर उभं केलं आणि ‘आता ठराव करा’ म्हटलं. आत चारच जण उरलेले. त्यांतली उपसरपंच झालेली मुलगी उठून म्हणाली, ‘नाही करता येणार.’ एवढ्यासाठी ते दोन मिनिटं वापरणं परवडतं.

*मग विषय एक आणि दोन*, झटपट. विषय दोनला ग्रामसेवकाने दोन्ही निधी वेगवेगळे, मोठ्याने वाचायचे आणि फळ्यावर दोन रकान्यांत लिहायचे. एकाच रकान्यात लिहिलेत तर मुलं पुन्हा बेरीज करतील.

*विषय तीन.* इथे वीस मिनिटं द्या. क्रम असा : प्रत्येक प्रभागातून एक जण मागणी मांडतो (दोन मिनिटं), नंतर प्रश्नोत्तरं, नंतर सूचना, नंतर दुरुस्ती, शेवटी मतदान. सूचना म्हणजे रकमेसह मांडलेला नेमका प्रस्ताव. त्याला सूचक लागतो आणि अनुमोदक लागतो. अनुमोदक मिळाला नाही तर ती सूचना तिथेच पडते.

एका वर्गात साधारण असं झालं :

‘दिवे आणि रस्ता, दोन्ही घ्यावेत अशी मी सूचना मांडतो. दोन लाख वीस हजार.’
‘माझं अनुमोदन आहे.’
‘भाऊसाहेब, पैसे आहेत ना?’ सरपंचांनी विचारलं.
‘आहेत, पण एकत्र नाहीत,’ ग्रामसेवक झालेला मुलगा म्हणाला. ‘ग्रामनिधीत एक लाख चाळीसच आहेत. बाकीचे पाण्याचे आहेत, ते रस्त्याला लावता येणार नाहीत.’
‘पाण्याचे म्हणजे?’
‘पाणी नाहीतर स्वच्छता. दुसऱ्या कशाला नाही.’

यानंतर जवळजवळ मिनिटभर कुणीच बोललं नाही. शिक्षक म्हणून तोंड उघडायचा मोह होतो. उघडू नका. त्या शांततेतच मुलं फळ्यावरचे दोन रकाने पहिल्यांदा वाचतात. मग प्रभाग १च्या सदस्याने जलवाहिनीची सूचना मांडली. प्रभाग २ने विचारलं, ‘मग आमचं काय?’ आणि ऐंशी हजार उरतात हे कळल्यावर त्यांनीच दुरुस्ती सुचवली, दहा दिवे. कोणते दोन गाळायचे यावर त्या तिघांचं चार मिनिटं चाललं. वळणावरचे राहू द्या, मंदिरापुढचे दोन सोडा, तिथे आधीच उजेड आहे. गावाचा कारभार नेमका या चार मिनिटांसारख्या बोलण्यातून चालतो.

*मतदान.* आधी दुरुस्तीवर, मग दुरुस्तीसह मूळ सूचनेवर. हात वर करून, आणि तीन वेळा मोजायचं : बाजूने, विरोधात, तटस्थ. मुरमाच्या व्यवसायातला सदस्य बाजूला झाल्यावर नऊ मतं उरली. बाजूने सात, विरोधात दोन. मतं समसमान पडली असती तर सभेच्या अध्यक्षाला निर्णायक मत असतं, पण त्याआधी नाही. ‘सरपंच म्हणून माझं म्हणणं चालेल’ असं कुणी म्हटलं तर निरीक्षकांना विचारा, हे कोणत्या नियमात बसतं.

> इशारा : मतदानाआधी सूचना एकदा लेखी वाचून दाखवायलाच हवी. नाहीतर सात जणांनी सात वेगवेगळ्या गोष्टींना हात वर केलेला असतो.

७. ठराव लिहिणे (१० मिनिटं)

इथे मुलांच्या चुका ठरलेल्या आहेत. ‘पाणी आणि दिव्यांची सोय करण्याचे ठरले’ असं लिहून वही मिटतात. हा ठराव हातात घेऊन कुणीही काम सुरू करू शकणार नाही. किती दिवे, कुठे, कोणत्या निधीतून, किती रुपये, पुढचं पाऊल कुणी उचलायचं, हे सगळं त्यात हवं. नमुना :

*ठराव क्र. ३. विषय : उपलब्ध निधीतून घ्यावयाची विकासकामे ठरविणे.*
*ठराव : प्रभाग १ मधील जलवाहिनी दुरुस्तीचे काम रु. १,६०,००० (बंधित निधी रु. १,००,००० व ग्रामनिधी रु. ६०,०००) आणि प्रभाग २ मधील वस्ती रस्त्यावर सोबतच्या यादीतील ठिकाणी १० पथदिवे बसविण्याचे काम रु. ७५,००० (ग्रामनिधी) हाती घेण्यास ही सभा मंजुरी देत आहे. प्रभाग ३ मधील रस्ता मुरमीकरणाचा विषय निधी उपलब्ध होताच प्राधान्याने सभेपुढे ठेवावा. पुढील कार्यवाही ग्रामसेवक यांनी करावी.*
*सूचक : ... अनुमोदक : ...*
*बाजूने ७, विरोधात २. एका सदस्याने हितसंबंधामुळे भाग घेतला नाही. ठराव बहुमताने मंजूर.*

हा नमुना मुलांना आधी दाखवू नका. त्यांचा ठराव लिहून झाल्यावर शेजारी ठेवा आणि काय सुटलं ते त्यांनाच शोधू द्या.

एक चूक मी दर वर्षी पाहते. दोन जणांनी विरोध केलेला असतो आणि इतिवृत्तात ‘सर्वानुमते मंजूर’ लिहिलेलं असतं. मुलांनी तो शब्द कुठेतरी ऐकलेला असतो आणि तो जास्त भारदस्त वाटतो. त्या दोघांना उभं करून विचारा, ‘तुमचा विरोध कुठे गेला?’ विरोध नोंदवला गेला नाही तर पुढे तो झालाच नव्हता असं ठरतं.

> तपासा : ठराव सभेत नसलेल्या दुसऱ्या वर्गातल्या मुलाला वाचायला द्या. तो उद्या कोणतं काम कुठे सुरू करेल हे त्याला सांगता आलं, तर ठराव बरोबर.

८. भूमिकेतून बाहेर आणि चर्चा

आधी सगळ्यांना भूमिकापत्रं परत द्यायला लावा. ‘आता तू सदस्य नाहीस’ हे सांगणं गरजेचं आहे, विशेषतः हरलेल्या प्रभागाला आणि मुरमाच्या सदस्याला. मधल्या सुट्टीत चिडवाचिडवी होते ती हे न केल्यामुळे.

निरीक्षकांकडे चारच प्रश्नांचा कागद द्या : माहिती कुणी विचारली? मत बदललं ते कुणाचं आणि कशामुळे? नियम कुठे मोडला किंवा मोडता मोडता राहिला? कोण बोललंच नाही? ‘अभिनय कसा होता’ हा प्रश्न कुठेही नको.

मग रहिवाशांकडे वळा. प्रभाग ३च्या मुलांना सगळ्यांत जास्त बोलायचं असतं आणि त्यांना मघापासून बोलता आलेलं नसतं. त्यांना विचारा, आता तुम्ही काय कराल? बहुतेक वेळा उत्तर ‘मोर्चा’ येतं. मग दुसरी सभा आठवते का ते बघा. ग्रामसभेत ते स्वतः उठून विचारू शकतात, रस्त्याचं काय झालं, ठरावात प्राधान्य लिहिलंय त्याचं काय. ठरावाची प्रत मागू शकतात. ग्रामसभेचा पुढचा पाठ इथून सुरू करता येतो.

गुण द्यायचे असतील तर एकच लेखी काम घ्या : ‘तुमची मागणी मागे का पडली (किंवा का मंजूर झाली) ते ठरावातल्या आकड्यांच्या आधारे पाच ओळींत लिहा.’ ‘सरपंचांनी ऐकलं नाही’ असं उत्तर आलं तर त्या मुलापर्यंत पाठ पोचलेला नाही. त्याला हिशोबाची चिठ्ठी पुन्हा हातात द्या.

शहरातल्या शाळेसाठी बदल

गावाचे नियम तसेच ठेवून नुसती नावं बदलू नका. नगरपरिषदेत ग्रामसेवकाच्या जागी मुख्याधिकारी येतात, सदस्यांच्या जागी नगरसेवक, सरपंचाच्या जागी नगराध्यक्ष. मोठा बदल समित्यांचा आहे. तिथे अनेक विषय आधी समितीत जातात आणि नंतर सर्वसाधारण सभेत येतात. म्हणून प्रभागभेटीनंतर दहा मिनिटांची समितीची बैठक घाला, पाच जणांची, आणि तिची शिफारस सभेपुढे ठेवा. मुलांना हे बघायला मिळतं की समितीत ठरलेलं सभेत फिरूही शकतं.

महानगरपालिकेचा पाठ नववीला पहिल्याच वेळी घेऊ नये, असं माझं मत आहे. आयुक्त, स्थायी समिती, महापौर आणि सभा यांच्यातली अधिकारांची वाटणी समजावतानाच दोन तासिका संपतात. महापालिका शाळांतही मी आधी ग्रामपंचायतीचंच प्रकरण घेते, आणि पंधरा दिवसांनी त्याच तीन मागण्या घेऊन ‘हे आपल्या शहरात कुणाकडे गेलं असतं?’ एवढाच प्रश्न विचारते.